पुलर सेट, स्क्रू एक्स्ट्रॅक्टर आणि प्राचार्यांना लिहायचे पत्र

शाळेच्या कार्यशाळेसाठी अवजार घ्यायचे असेल तर शिक्षकाला आधी प्राचार्यांकडे विनंतीपत्र द्यावे लागते. कानस, हातोडी किंवा हॅक्सॉची पाती मागताना फारसे लिहावे लागत नाही, कारण ती अवजारे सगळ्यांच्या परिचयाची असतात. पुलर सेट आणि स्क्रू एक्स्ट्रॅक्टर किटचे तसे नाही. प्राचार्य बहुधा मराठी, गणित किंवा भूगोलाचे शिक्षक म्हणून वर आलेले असतात. खरेदी समितीत बसणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तरी ही अवजारे कधी हातात धरलेली नसतात. त्यामुळे पत्राला दोन कामे करावी लागतात. वस्तू कशासाठी हवी हे न जाणणाऱ्याला पटवायचे, आणि दुकानदाराकडून नेमकी तीच वस्तू यावी इतके बारकाईने तिचे वर्णन करायचे. बहुतेक पत्रे पहिल्या कामात अडखळतात, पण शाळेचे पैसे वाया जातात ते दुसऱ्या कामातल्या हयगयीने.

अशा पत्राची तयारी कागदावर होत नाही. ती बिघडलेल्या यंत्राशेजारी उभे राहून होते. माध्यमिक शाळेच्या तांत्रिक विभागात किंवा कनिष्ठ महाविद्यालयाच्या व्यावसायिक शाखेत साधारणपणे एक-दोन लेथ, एक ड्रिल मशीन, एक बेंच ग्राइंडर आणि ओळीने व्हाइस बसवलेली लांब बाके असतात. यांतला बेंच ग्राइंडर हे पुलरच्या गरजेचे सर्वांत चांगले उदाहरण आहे, कारण तो रोज चालतो, धूळ खातो आणि त्याची बेअरिंगे ठरावीक काळाने आवाज करू लागतात.

ग्राइंडरच्या मोटरीतला फिरणारा भाग म्हणजे रोटर. त्याच्या शाफ्टवर दोन्ही बाजूंना एकेक बेअरिंग घट्ट दाबून बसवलेले असते. या आकाराच्या यंत्रात ६२०३ किंवा ६२०४ क्रमांकाचे बेअरिंग सर्रास आढळते. ६२०४ चे आतले भोक २० मिलिमीटर, बाहेरचा व्यास ४७ आणि जाडी १४ मिलिमीटर असते. हे आकडे जगभर सारखेच असल्याने बेअरिंगच्या कडेवर कोरलेला क्रमांक वाचला की मापपट्टी न लावताही मापे कळतात. आतली कडी शाफ्टवर इतकी घट्ट असते की ती हाताने तसूभर हलत नाही. ती घट्ट असणे गरजेचेच आहे, नाही तर शाफ्ट कडीच्या आत फिरून झिजला असता.

पुलर नसलेल्या कार्यशाळेत हे बेअरिंग हातोडी आणि छिन्नीने काढले जाते. एका बाजूला ठोकायचे, मग दुसऱ्या बाजूला, असे करत ते तिरके-तिरके पुढे सरकवायचे. बेअरिंग निघते, पण शाफ्टवर छिन्नीचे ओरखडे उठतात आणि नवे बेअरिंग त्या जागी नीट बसत नाही. कधी शाफ्टचे टोकच ठोकले जाते. टोक पसरते, त्यावरचे आटे चेंबतात आणि चाकाचा नट पुन्हा चढत नाही. नवे बेअरिंग बाहेरच्या कडीवर ठोकून बसवले तर नुकसान आणखी लपून राहते. ठोक्याचा जोर गोळ्यांमधून आतल्या कडीकडे जातो आणि गोळ्या जिथे टेकलेल्या असतात तिथे कडीवर बारीक खळगे पडतात. यंत्र सुरू होते, दोन-तीन महिने चालते आणि पुन्हा घरघरू लागते. दोष बेअरिंगच्या कंपनीवर ढकलला जातो.

पुलरने हेच काम ठोके न मारता होते. त्याची रचना साधी आहे. मध्ये जाड आट्यांचा लांब बोल्ट असतो, त्याला मधला स्क्रू म्हणतात. त्याच्याभोवती आडव्या पट्टीवर किंवा गोल डोक्यावर दोन किंवा तीन पाय अडकवलेले असतात आणि पायांची टोके आत वळलेली असतात. ही टोके बेअरिंगच्या मागे अडकवायची, मधल्या स्क्रूचे टोक शाफ्टच्या टोकावर मधोमध टेकवायचे आणि पान्ह्याने स्क्रू फिरवायचा. स्क्रू शाफ्टला ढकलतो, पाय बेअरिंगला ओढतात. जोर सगळीकडून सारखा आणि सरळ रेषेत लागतो, त्यामुळे बेअरिंग तिरके होत नाही.

या जोराचा अंदाज असणे शिक्षकालाही बरे आणि पत्रालाही. स्क्रूचा व्यास १४ मिलिमीटर, त्याला ग्रीस लावलेले आणि २० सेंटिमीटर लांबीच्या पान्ह्याच्या टोकाला दहा किलो वजनाइतका ताण दिला, तर बरेचसे बळ घर्षणात जाऊनही बेअरिंगवर सातशे किलोंच्या आसपास ओढ बसते. सोळा वर्षांच्या मुलालाही तेवढा ताण सहज देता येतो. पुलरचा उपयोग यातच आहे आणि धोकाही यातच. पाय निसटला तर तो बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो, म्हणून डोळ्यांवर गॉगल चढवल्याशिवाय आणि पुलरवर जाड फडके टाकल्याशिवाय स्क्रूला हात लावू द्यायचा नसतो.

आता पत्राच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा. पुलरचे माप दुकानात इंचात किंवा मिलिमीटरमध्ये सांगितले जाते आणि ते असते पसाऱ्याचे, म्हणजे पाय जास्तीत जास्त किती फाकतात त्याचे. ४७ मिलिमीटरच्या बेअरिंगला ७५ मिलिमीटरचा, म्हणजे तीन इंची पुलर भरपूर झाला असे कागदावर वाटते. पण ग्राइंडरचा शाफ्ट बेअरिंगपाशी संपत नाही. दगडी चाक, त्याच्या दोन्ही बाजूंच्या चकत्या आणि नट मावावा म्हणून तो बेअरिंगच्या पुढे बराच लांब गेलेला असतो. उदाहरणादाखल घेतलेल्या ग्राइंडरवर शाफ्टच्या टोकापासून बेअरिंगच्या मागच्या कडेपर्यंतचे अंतर १०५ मिलिमीटर भरते. तीन इंची पुलरचे पाय इतके लांब नसतात. मधला स्क्रू शाफ्टला टेकतो तेव्हा पायांची टोके बेअरिंगच्या अलीकडेच लोंबकळत राहतात. म्हणून पसाऱ्याइतकीच पोहोचही लिहावी लागते आणि ती यंत्रावर मापूनच लिहावी लागते. या एका आकड्याअभावी घेतलेले पुलर अनेक कार्यशाळांच्या कपाटात कोरे करकरीत पडून असतात.

दुसरी अडचण बेअरिंगच्या मागच्या जागेची. बेअरिंग आणि रोटरचा पंखा यांच्यात फट थोडीच असते. पुलरचे जाड पाय तिथे शिरत नाहीत, शिरले तरी ते बाहेरच्या कडीला धरतात. घट्ट असते ती आतली कडी. बाहेरून ओढले की सगळा ताण गोळ्यांमधून जातो. जुने बेअरिंग तसेही टाकून द्यायचे असल्याने त्याची फिकीर नसते, पण कधी बाहेरची कडी आणि गोळ्या सुटून हातात येतात आणि आतली कडी शाफ्टवर तशीच राहते. मग तिला धरायला पुलरला काहीच उरत नाही आणि ती ग्राइंडरने खाचून फोडावी लागते. हे टाळण्यासाठी बेअरिंग सेपरेटर वापरतात. त्याच्या दोन अर्धगोल प्लेटांची धार पाचरीसारखी निमुळती असते. दोन्ही बाजूंनी त्या फटीत सरकवून बोल्टांनी एकमेकींकडे आवळल्या की त्या आतल्या कडीच्या मागे जाऊन बसतात आणि पुलरचे पाय या प्लेटांना धरतात. पुलर सेट मागणाऱ्या पत्रात सेपरेटरचा उल्लेख नसेल तर मागणी अर्धीच राहिली म्हणायची.

काम बरोबर चालले आहे हे हाताला आणि कानाला कळते. स्क्रू आवळत जाताना पान्हा जड होत जातो, मग एकदम टक् असा आवाज होऊन किंचित सैल पडतो. कडी जागची सुटल्याची ती खूण. तिथून पुढे दीड मिलिमीटर अंतराच्या आट्यांच्या स्क्रूला नऊ-दहा फेरे दिले की १४ मिलिमीटर जाडीचे बेअरिंग आपल्या बैठकीवरून बाहेर येते आणि पुढच्या बारीक शाफ्टवर मोकळे होते. पान्हा जड होतोय पण टक् होत नाही, पाय हळूहळू बाहेर फाकताहेत किंवा डोके एका बाजूला कलतेय, असे दिसले तर थांबायचे. पान्ह्याला पाइप लावून जोर वाढवणे ही अशा वेळची नेहमीची चूक. त्याऐवजी ताण आहे तसा ठेवून, समोरून बाजूला होऊन, मधल्या स्क्रूच्या डोक्यावर हातोडीचा एकच सरळ ठोका दिला किंवा आतल्या कडीच्या सांध्यावर गंज सोडवणारे तेल टाकून थोडा वेळ जाऊ दिला, तर बहुतेक बेअरिंगे सुटतात. जाता जाता एक गोष्ट: ग्राइंडरच्या डाव्या बाजूच्या चाकाचा नट उलट्या आट्यांचा असतो. हे माहीत नसलेल्या मुलाने तो नेहमीच्या दिशेने सोडवायचा प्रयत्न केला की तो आणखी आवळला जातो, आणि पुलरपर्यंत पोहोचण्याआधीच शाफ्टचे आटे खराब होतात.

स्क्रू एक्स्ट्रॅक्टरची गरज वेगळ्या ठिकाणी पडते, आणि शाळेत ती बहुधा व्हाइसपाशी. व्हाइसच्या दोन्ही जबड्यांवर कडक पोलादाच्या खरबरीत पट्ट्या बसवलेल्या असतात. प्रत्येक पट्टी दोन चपट्या डोक्याच्या स्क्रूंनी बिडाच्या जबड्याला घट्ट धरलेली असते. पट्टी सैल झाली की मुले मोठा स्क्रूड्रायव्हर घेऊन जोर लावतात आणि एखाद्या वर्षी एखाद्या स्क्रूचे डोके तुटून येते. उरलेला दांडा जबड्याच्या आत, कडेच्या बरोबरीने अडकून बसतो. एका स्क्रूवर टांगलेली पट्टी काम पकडत नाही, कानस मारताना नग सरकतो आणि तो व्हाइस हळूहळू कोणी वापरेनासे होते.

एक्स्ट्रॅक्टरला अनेक कारागीर ईझी आउट म्हणतात. हे नाव ऐकून काम सोपे वाटते, ते तितके सोपे नाही. एक्स्ट्रॅक्टर म्हणजे कडक पोलादाची निमुळती सळी. तिच्यावर उलट्या दिशेने पीळ दिलेल्या धारा असतात. तुटलेल्या स्क्रूच्या मधोमध भोक पाडायचे, त्यात ही सळी घालून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायची. धारा स्क्रूच्या धातूत रुततात, आणखी फिरवले की आणखी घट्ट रुततात आणि फिरवण्याची दिशा स्क्रू सोडवण्याचीच असल्याने तो बाहेर येतो.

एम-८ म्हणजे ८ मिलिमीटर व्यासाच्या स्क्रूचे उदाहरण घेतले तर क्रम असा. तुटलेला भाग खडबडीत असेल तर आधी कानसेने किंवा छोट्या ग्राइंडिंग चाकाने सपाट करायचा. मग बरोबर मध्यावर सेंटर पंचाची खूण मारायची, आणि इथे घाई केली तर पुढचे सगळे बिघडते. खूण एक मिलिमीटर जरी बाजूला गेली तरी ड्रिल एका बाजूची भिंत पातळ करत जाते आणि शेवटी जबड्याचे आटेच कापते. मध्य साधला की साधारण ४ मिलिमीटरच्या ड्रिलने सरळ भोक पाडायचे. नेमके माप त्या किटच्या डब्यावरील तक्त्यात असते आणि तेच पाळायचे. भोक लहान झाले तर बारीक एक्स्ट्रॅक्टर वापरावा लागतो आणि तो मोडतो. भोक मोठे झाले तर स्क्रूची उरलेली भिंत पातळ होते, एक्स्ट्रॅक्टर आत शिरताना ती बाहेर फुगते आणि स्क्रू सुटण्याऐवजी जबड्यात आणखी आवळला जातो. एक्स्ट्रॅक्टर हलक्या ठोक्याने बसवून टॅप फिरवण्याच्या दोन मुठींच्या हँडलने, दोन्ही हातांनी सारखा जोर लावून फिरवायचा. एका बाजूने पान्हा लावला की सळी वाकते, आणि कडक पोलाद वाकत नाही, तुटते.

एक्स्ट्रॅक्टर आत तुटणे ही या कामातली सर्वांत वाईट घटना. आता भोकात स्क्रूपेक्षा कितीतरी कडक धातू अडकलेला असतो आणि शाळेतल्या साध्या ड्रिलचे टोक त्यावर नुसते घासत राहते. तो काढायला कार्बाइडचे अवजार किंवा स्पार्क इरोजन मशीन लागते. पुणे, नाशिक, कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतींमधल्या टूल रूममध्ये ते असते, तालुक्याच्या गावात नसते. म्हणून कुठला स्क्रू एक्स्ट्रॅक्टरने काढायचा आणि कुठला नाही, हे आधी ठरवावे लागते. स्क्रू जास्त आवळल्याने डोके तुटले असेल तर वरचा ताण निघून गेल्यामुळे उरलेला दांडा बरेचदा सैलच असतो आणि एक्स्ट्रॅक्टर काम करतो. स्क्रू वर्षानुवर्षे गंजून जाम झाला आणि सोडवताना तुटला असेल, तर ज्या पकडीने डोके तुटले तीच पकड त्याहून बारीक एक्स्ट्रॅक्टरलाही तोडू शकते. अशा वेळी आधी तेल, उष्णता आणि धीर, आणि तरी नाही निघाला तर ६.८ मिलिमीटरच्या ड्रिलने पूर्ण स्क्रू खाऊन एम-८ चा टॅप पुन्हा मारणे हाच सरळ मार्ग. शिक्षकाने पत्रात एक्स्ट्रॅक्टरला रामबाण म्हणून सांगितले, तर पहिला एक्स्ट्रॅक्टर मोडल्यावर पुढच्या खरेदीला कात्री लागते.

ही माहिती जमली की पत्र लिहिणे अवघड उरत नाही. पण त्याआधी आणखी एक गोष्ट हवी: बाहेर दिलेल्या कामांचा हिशोब. मोटार बांधणाऱ्याच्या दुकानात रोटर नेला, बेअरिंग बदलून आणले, रिक्षाचे भाडे दिले, ग्राइंडर किती दिवस बंद होता, हे सगळे किरकोळ खर्चाच्या पावत्यांमध्ये विखुरलेले असते. शाळेच्या लिपिकाकडून ते एकत्र करून घ्यावे. अंदाजे आकडा लिहिण्यापेक्षा पावत्यांवरचा लहान आकडा प्राचार्यांना जास्त पटतो, कारण तो तपासता येतो.

एका नमुन्याच्या शाळेतले पत्र पुढे दिले आहे. त्यातील रक्कम आणि तारखांच्या जागा नमुन्यादाखल आहेत. प्रत्यक्ष दर त्या-त्या वेळच्या दरपत्रकाप्रमाणे लिहायचे असतात.

प्रति,
मा. प्राचार्य,
विद्यालय व कनिष्ठ महाविद्यालय

विषय: कार्यशाळेसाठी पुलर सेट, बेअरिंग सेपरेटर व स्क्रू एक्स्ट्रॅक्टर किट खरेदी करण्यास मंजुरी मिळणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंती की, कार्यशाळेतील बेंच ग्राइंडरची बेअरिंगे मागील शैक्षणिक वर्षात दोन वेळा बदलावी लागली. बेअरिंग काढण्याचे अवजार शाळेत नसल्याने दोन्ही वेळा काम बाहेरून करून घेतले. त्यासाठी मजुरी व वाहतूक मिळून १,७०० रुपये खर्च झाला व ग्राइंडर एकूण १९ दिवस बंद होता. या काळात विद्यार्थ्यांना ड्रिल व छिन्नीला धार लावण्याचे प्रात्यक्षिक करता आले नाही. तसेच दोन व्हाइसच्या जबड्यांतील स्क्रू तुटून अडकल्याने ते व्हाइस सध्या वापरात नाहीत.

ही कामे कार्यशाळेतच करता यावीत यासाठी पुढील साहित्य आवश्यक आहे.

तीन पायांचा पुलर सेट, पसारा ७५, १०० व १५० मि.मी.; १५० मि.मी. पुलरची पोहोच किमान १२० मि.मी.; पाय घडीव पोलादाचे व आत-बाहेर दोन्ही बाजूंनी लावता येण्याजोगे. एक सेट, ३,२०० रुपये.

बेअरिंग सेपरेटर, ६२०३ ते ६२०५ क्रमांकाच्या बेअरिंगमागे बसणारा. एक नग, १,४५० रुपये.

स्क्रू एक्स्ट्रॅक्टर किट, पाच नगांचे, एम-६ ते एम-१२ स्क्रूसाठी उपयुक्त, मापाच्या तक्त्यासह. जोडीला त्या मापांची ड्रिल. एक संच, ८५० रुपये.

एकूण ५,५०० रुपये, १८ टक्के जीएसटी ९९० रुपये, एकंदर ६,४९० रुपये.

सर्व दुरुस्त्या यामुळे शाळेत होतील असे नाही. मोटारीचे वाइंडिंग व गंजून जाम झालेले बोल्ट यांसाठी बाहेर जावे लागेल. हे साहित्य शिक्षकांच्या उपस्थितीत व सुरक्षा चष्मा लावूनच वापरले जाईल. पावत्यांच्या प्रती व तीन दरपत्रके सोबत जोडली आहेत. मंजुरी मिळावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
कार्यशाळा शिक्षक

या पत्रात उगाच वापरलेला शब्द जवळपास नाही. अभ्यासक्रम, कौशल्यविकास, राष्ट्रीय धोरण यांवरचे परिच्छेद अनेक शिक्षक सुरुवातीला घालतात. प्राचार्य ते वाचत नाहीत, कारण तेच परिच्छेद प्रयोगशाळा आणि क्रीडा विभागाच्या पत्रांतही असतात. १९ दिवस बंद असलेला ग्राइंडर मात्र त्यांनी वऱ्हांड्यातून जाताना पाहिलेला असतो. सर्व दुरुस्त्या शाळेत होणार नाहीत, हे वाक्य काढून टाकण्याचा मोह होतो. ते ठेवणेच फायद्याचे असते. पुढच्या वर्षी मोटारीच्या वाइंडिंगचे बिल आले की अवजारे घेतली तरी खर्च कसा, हा प्रश्न विचारला जात नाही.

वर्णनाच्या ओळीत कंपनीचे नाव नाही हे मुद्दाम. शाळेला शासकीय अनुदान असो वा संस्थेचा निधी, एकाच कंपनीचे नाव घातले की दरपत्रके तुलनेची राहत नाहीत आणि लेखापरीक्षणात त्यावर बोट ठेवले जाते. पण नाव काढताना गुणवत्ताही निघून गेली तर सर्वांत कमी दराचा, पातळ पायांचा पुलर येतो आणि पहिल्याच कामात त्याचे पाय फाकतात. म्हणून नावाऐवजी वस्तूने काय करायला हवे ते लिहावे: कुठल्या क्रमांकाच्या बेअरिंगमागे बसावी, किती खोल पोहोचावी, पाय ओतीव नसून घडीव असावेत. पाच नगांच्या संचात सर्वांत मोठा एक्स्ट्रॅक्टर शाळेत कधीच लागत नाही, तरी सुटे नग जमवण्यापेक्षा संच स्वस्त पडतो, म्हणून त्यावर अडून बसण्यात अर्थ नाही.

पत्र देण्याची वेळही पाहावी लागते. मार्चअखेर शिल्लक निधी संपवायची धावपळ असते, तेव्हा मंजुरी पटकन मिळते, पण तपासून घ्यायला वेळ मिळत नाही आणि जे दुकानात तयार असेल ते येते. जून-जुलैत दिलेल्या पत्राला उशीर लागतो, तरी दरपत्रकांवर विचार होतो आणि वस्तू परत करायलाही सवड असते.

पत्र पोहोचल्यावर प्राचार्य त्याच्या कोपऱ्यात शेरा मारतात. चर्चा करावी, दरपत्रके तपासून सादर करावे, किंवा निधी उपलब्धतेनुसार मंजूर, असे तीन प्रकारचे शेरे सर्वसाधारणपणे येतात. तिसरा शेरा आला तर काम संपले असे नसते. निधी कुठल्या शीर्षाखाली घ्यायचा हे लिपिकाबरोबर बसून ठरवावे लागते, नाही तर कागद फाइलीत झोपतो. अनुदानित शाळेत वेतनेतर अनुदान, अन्यत्र संस्थेचा विकास निधी किंवा विद्यार्थ्यांकडून घेतलेले कार्यशाळा शुल्क, अशी शीर्षे असतात. त्यानंतर तिन्ही दरपत्रकांचा तुलनात्मक तक्ता बनतो, खरेदी समितीच्या सह्या होतात आणि पुरवठा आदेश निघतो. तक्त्यात सर्वांत स्वस्त दर नाकारायचा असेल तर कारण त्याच ओळीत लिहावे लागते: पोहोच ९० मि.मी., आवश्यकता १२० मि.मी. पत्रात पोहोच लिहिलेली असल्यामुळेच हे कारण ग्राह्य धरले जाते.

वस्तू आली की बिलावर सही करण्याआधी ती तपासायची असते आणि याला अर्धा तासही लागत नाही. पुलरचा मधला स्क्रू हाताने टोकापर्यंत फिरवून पाहावा. मध्येच अडला तर आटे खराब आहेत. तिन्ही पाय आवळून सपाट पृष्ठभागावर टेकवावेत. एखादे टोक वर राहिले तर पाय सारखे नाहीत आणि ओढ तिरकी बसणार. एक्स्ट्रॅक्टरच्या धारेवर जुनी कानस हलकी फिरवून पाहावी. कानस घसरली तर पोलाद पुरेसे कडक आहे, तिने धातू खाल्ला तर तो नग परत पाठवावा. शेवटी पुलर ग्राइंडरच्या शाफ्टवर धरून पोहोच मापून घ्यावी.

नोंद करताना एक बारकावा आहे. पुलर आणि सेपरेटर वर्षानुवर्षे टिकतात, त्यांची नोंद जडसंग्रह नोंदवहीत होते. ड्रिल झिजतात, ती उपभोग्य वस्तूंच्या वहीत जातात. एक्स्ट्रॅक्टरचे काय, यावर शाळाशाळांत मतभेद दिसतो. सगळे किट एक नग म्हणून जडसंग्रहात चढवले तर एक सळी मोडल्यावर तिचे निर्लेखन करायला पूर्ण प्रस्ताव लागतो आणि तो टाळण्यासाठी मोडकी सळी वर्षानुवर्षे डब्यात ठेवली जाते. एक्स्ट्रॅक्टर उपभोग्य वहीत, पाच नग म्हणून वेगवेगळे चढवले तर मोडलेल्या नगापुढे तारीख आणि कारण लिहून तेवढाच नवा मागवता येतो. नेहमी लागणारे मधले दोन आकारच वारंवार मोडतात, त्यामुळे पुढच्या वर्षीचे मागणीपत्र पूर्ण संचाचे न होता दोन सळ्यांचे होते.